१७ मिनिटांचे भाषण, ९० शब्दांचे कार्ड : सेवापूर्ती समारंभाच्या ध्वनिमुद्रणातून मजकूर कसा काढावा?

औषधखिडकी

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता आहे. आमच्याकडच्या एक आरोग्यसेविका ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्या. समारंभात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी १७ मिनिटांचे भाषण केले आणि ते मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आहे. पुढच्या रविवारी आम्ही सहकारी त्यांच्या घरी फोटोंचा अल्बम घेऊन जाणार आहोत. त्यासोबत ए-पाच आकाराच्या कार्डावर छापलेला छोटा सन्मानपर मजकूर द्यावा आणि तो त्या भाषणातूनच घ्यावा, असे ठरले आहे, कारण भाषण ऐकताना सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

छापखान्याने ९० शब्दांची मर्यादा सांगितली आहे. मी भाषण ऐकून पहिला खर्डा केला, तो असा :

"आदरणीय सिस्टर, आपण ३५ वर्षे अविरत, निष्ठेने व निःस्वार्थ भावनेने रुग्णसेवा केली. ३० हजार लोकसंख्येची जबाबदारी आपण एकटीने पेलली. पल्स पोलिओच्या धावपळीत नोकरीला सुरुवात करून आपण आपल्या कार्यक्षेत्रातील एकही बालक लसीविना राहू दिले नाही. आपण केवळ आरोग्यसेविका नसून गावाची माउली आहात. आपले पुढील आयुष्य सुखाचे, समृद्धीचे व आरोग्यपूर्ण जावो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

वाचताना काहीच चुकीचे वाटत नाही, पण भाषण ऐकताना जे वाटले होते ते यात उरलेले नाही. काय करावे?

गोदाकाठचा

आधी संपूर्ण भाषण शब्दशः उतरवून काढा, हाच एकमेव मार्ग आहे. उतरवले की प्रास्ताविक, आभार आणि पुनरुक्ती खोडायची आणि मग प्रत्येक परिच्छेदाचे एक वाक्य करायचे. पाच परिच्छेद असतील तर पाच वाक्ये होतात आणि सगळ्या भाषणाला न्याय मिळतो. भाषा मात्र मानपत्राला शोभेल अशी भारदस्त ठेवावी. तुमचा खर्डा मला चांगलाच वाटतो. फक्त 'रुग्णसेवा' च्या आधी 'व्रतस्थ' घाला.

अण्णा_निवृत्त

१७ मिनिटे फारच झाली. सेवापूर्तीला वक्त्याने पाच मिनिटांत आटोपावे, नाहीतर मागच्या रांगेतले लोक जेवणाच्या पंगतीकडे बघू लागतात. मला मागच्या वर्षी माझ्या साडूंच्या समारंभात बोलायचे होते, तेव्हा मी चार मुद्दे हाताच्या तळव्यावर लिहून नेले होते. तुमच्या डॉक्टरांनाही तसेच सांगा.

औषधखिडकी

अण्णा, भाषण होऊन गेले आहे. आता त्यातून कार्डापुरता मजकूर काढायचा आहे.

प्रूफवाचक

मी एका साप्ताहिकाच्या संपादन विभागात बरीच वर्षे हेच काम केले आहे, म्हणजे सभेतले बोलणे छापील चौकटीत बसवणे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्यासपीठावरचा मराठी वक्ता मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलतो. म्हणजे तुमचे १७ मिनिटांचे भाषण दोन हजारांच्या आसपास शब्दांचे असणार, आणि तुमचे कार्ड एका मिनिटापेक्षाही कमी बोलण्याएवढे आहे. या प्रमाणात सारांश काढायला गेले की तपशील गळतात आणि विशेषणे तेवढी मागे राहतात, कारण प्रत्येक प्रसंगातून जे समान उरते ते 'निष्ठा', 'सेवा', 'माउली' एवढेच असते. गोदाकाठचा यांच्या पद्धतीने पाच परिच्छेदांची पाच वाक्ये केली की नेमके हेच होते. तुमच्या खर्ड्यातले 'सिस्टर' काढून 'गुरुजी' लिहा आणि 'लसीविना' च्या जागी 'शाळेविना' लिहा, असे चार-दोन शब्द बदला. तो कोणत्याही मुख्याध्यापकाला देता येईल.

म्हणून भाषणाचा सारांश काढू नका, त्यातला एकच तुकडा निवडा. सगळे भाषण उतरवण्याचीही गरज नाही. आधी एकदा हातात पेन न घेता ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त मिनिट आणि एक ओळ असे टिपण करा. ज्या ठिकाणी वक्ता कागदावरून नजर उचलून बोलू लागला आहे, ते आवाजावरून कळते : वाक्ये तुटक होतात, 'बघा', 'हं' असे शब्द येऊ लागतात आणि सभागृहातली कुजबुज थांबते. तो दोन-तीन मिनिटांचा भाग मात्र गोदाकाठचा म्हणतात तसा शब्दशः उतरवा, अडखळण्यासकट. तो इथे टाका, मग पुढचे पाहू.

औषधखिडकी

टिपण केले. पहिली तीन मिनिटे व्यासपीठावरील मान्यवरांची नावे आहेत, नंतर कुठे कुठे बदली झाली त्याचा क्रम आहे, बाराव्या मिनिटापासून त्यांच्या यजमानांच्या आजारपणाचा आणि निधनाचा उल्लेख आहे, आणि शेवटी शुभेच्छा. तुम्ही म्हणता तसा भाग आठव्या मिनिटाला सुरू होतो. पंख्याच्या आवाजामुळे दोन शब्द नीट लागले नाहीत, बाकी असे आहे :

"तर सिस्टरची एक वही होती बघा. सरकारी रजिस्टर नव्हे, स्वतःची, दोनशे पानी. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. आता मूल आठ महिन्यांचं, आई निघाली फडावर. मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराचा डोस कोण देणार? तर ह्या काय करायच्या, मुकादमाच्या घरी जायच्या. म्हणायच्या, यंदा कुठला कारखाना ते सांगा. आणि वहीत लिहून घ्यायच्या. बाळाचं नाव, आईचं नाव, डोसची तारीख, कारखाना. आणि मग तिकडच्या सिस्टरला फोन. तेव्हा मोबाइल नव्हते हं, तालुक्याला जाऊन एसटीडीवरून फोन. मी तर म्हणतो, एकही मूल सुटलं नाही. एकही!"

प्रूफवाचक

हाच तुमचा मजकूर आहे. बाकीची १५ मिनिटे बाजूला ठेवली तरी चालतील. मात्र हे जसेच्या तसे छापता येणार नाही, कारण डॉक्टर हे सभागृहाला सांगत होते आणि कार्ड सिस्टर वाचणार आहेत. 'ह्या काय करायच्या' हे श्रोत्यांसाठी ठीक आहे, पण स्वतः सिस्टरांना ते सांगण्यात अर्थ नाही. कर्ता 'तुम्ही' करावा लागेल, आणि ते केले की भाषणातला समजावून सांगण्याचा भाग आपोआप निरुपयोगी ठरतो. मूल आठ महिन्यांचे असेल तर डोस फडावर येतो, हे गणित त्यांना तुम्ही सांगायचे नाही.

दुसरे असे, की डॉक्टर स्वतः या केंद्रात किती काळ आहेत? एसटीडीचे दिवस त्यांनी पाहिले आहेत का?

औषधखिडकी

नाही. ते दोन वर्षांपूर्वी आले. त्यांनी हे इतरांकडून ऐकलेले आहे.

आरोग्यसखी

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे खर्डा वाचताना दोन-तीन ठिकाणी थबकले.

सिस्टर नोकरीला केव्हा लागल्या? १९९५ च्या आधी लागल्या असतील तर 'पल्स पोलिओच्या धावपळीत नोकरीला सुरुवात' हे खरे असू शकत नाही, कारण पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी डिसेंबर १९९५ मध्ये झाली. दुसरे, ३० हजार हा सपाट भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लोकसंख्येचा निकष आहे. उपकेंद्राचा निकष ५ हजारांचा असतो आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तो ३ हजारांचा असतो. डॉक्टरांनी आपल्या केंद्राचा आकडा बोलण्याच्या भरात सिस्टरांच्या नावावर टाकला असावा. सभेत हे खपून जाते, पण त्या स्वतः कार्डावर ते वाचतील तेव्हा पहिल्या ओळीपासूनच त्यांचा विश्वास उडेल.

आणि 'एकही मूल सुटले नाही' हे तर कोणतीही आरोग्यसेविका स्वतःबद्दल म्हणणार नाही. आपली कोणती मुले सुटली, ती तिला नावानिशी आठवतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा तर ठावठिकाणाच बदलतो. एका कारखान्याचे नाव सांगून निघालेली टोळी दुसरीकडेच उतरते. वहीची गोष्ट खरी असेल तर ती पुरेशी आहे, तिला शंभर टक्क्यांची जोड देऊ नका. ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले आहे अशा कुणाला तरी विचारा. वाहनचालक किंवा जुन्या अंशकालीन परिचर असतील.

गोदाकाठचा

थोडी अतिशयोक्ती ही सन्मानपत्राची रीतच आहे. तिथे कुणी पुरावे मागत नाही.

अण्णा_निवृत्त

मागत नाही कसे? माझ्या निवृत्तीच्या वेळी दिलेल्या मानपत्रात माझे पद एक पायरी खालचे छापले होते. ते मानपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेले आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा मोठ्याने वाचतो. पदनाम आणि वर्षे सेवापुस्तकातून तपासून घ्या, आठवणीवर जाऊ नका.

आणखी एक सुचवतो. ३१ मे रोजी निवृत्ती म्हणजे जन्म १ जूनचा असणार. त्यामुळे कार्डावर वाढदिवसाच्या शुभेच्छाही देता येतील.

आरोग्यसखी

अण्णा, पदनामाचे अगदी योग्य बोललात. वाढदिवसाचे मात्र राहू द्या. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो हे खरे, पण आमच्या पिढीतल्या निम्म्या वर्गाचा जन्म गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जूनला करून टाकला होता. आणि १ जून नसेल तर १ मे सोडून मे महिन्यातली कुठलीही तारीख असू शकते.

औषधखिडकी

सेवापुस्तकातील नोंद कार्यालयातून पाहून घेतली. रुजू दिनांक १९९२ मधील ऑगस्टचा आहे, म्हणजे सेवा ३३ वर्षेही पूर्ण होत नाही. ३५ हा आकडा भाषणातला. पल्स पोलिओचे वाक्य आणि ३० हजारांचे वाक्य दोन्ही काढून टाकतो.

वहीबद्दल जुन्या परिचर मावशींना विचारले. वही खरी आहे. मुकादमाच्या घरी जाणेही खरे आहे. मावशी स्वतः बरोबर जात असत. फोनबद्दल त्या म्हणाल्या की फोन लागे तेव्हा लागे, कधी तिकडून काही कळतच नसे. मग टोळ्या उन्हाळ्यात परत आल्या की सिस्टर वही घेऊन वस्तीवर जात, प्रत्येक घरी कार्ड मागून बघत आणि ज्याचा डोस राहिला असेल त्याच्या नावाभोवती लाल गोल करत. हे डॉक्टरांच्या भाषणात अजिबात नव्हते.

दुसरा खर्डा :

"आदरणीय सिस्टर, दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी तुम्ही मुकादमाच्या घरी जाऊन विचारत असा, 'यंदा कुठला कारखाना?' कोणत्या बाळाचा गोवराचा डोस फडावर असताना येणार, हे तुमच्या दोनशे पानी वहीत आईच्या नावासह लिहिलेले असे आणि तालुक्याहून तिकडच्या सिस्टरांना फोन जात असे. तरीही जी बाळे सुटली, त्यांना टोळी परतल्यावर तुम्ही घरी जाऊन डोस दिलात. ही वही तुमच्याकडे कुणी मागितली नव्हती. आज ती उपकेंद्राच्या कपाटात आहे आणि नव्या सिस्टर ती उघडून टोळ्यांचा माग ठेवतात."

आरोग्यसखी

वाचून बरे वाटले. दोन दुरुस्त्या सुचवते. 'घरी जाऊन डोस दिलात' असे लिहू नका. लस शीतपेटीत ठेवून सत्राच्या ठिकाणीच दिली जाते आणि गोवराची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे एकेका घरी जाऊन ती फोडली जात नाही. सिस्टर घरी जाऊन कार्ड बघत असतील आणि बाळाला पुढच्या सत्राला बोलावून घेत असतील. राहिलेला गोवराचा डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो, म्हणून त्या उन्हाळ्यातल्या फेरीला खरोखर अर्थ होता.

'टोळ्यांचा माग ठेवतात' हे मात्र मला पटत नाही. सध्या जून चालू आहे. टोळ्या निघायला अजून किमान चार महिने आहेत आणि नव्या सिस्टर आत्ताच रुजू झाल्या आहेत. त्यांनी माग ठेवला तरी केव्हा?

औषधखिडकी

खरे आहे. पदभार देताना सिस्टरांनी वही नव्या सिस्टरांच्या हातात दिली, एवढेच घडले आहे. ते मी समोर पाहिले आहे.

प्रूफवाचक

मग तेवढेच लिहा. ते जास्त भक्कम आहे.

आता भाषेबद्दल. 'आपण' आणि 'तुम्ही' यांपैकी एकच शेवटपर्यंत ठेवा. पहिल्या खर्ड्यात 'आपण' होते, इथे 'तुम्ही' आहे. डॉक्टरांच्या बोलण्यातल्या 'यंदा कुठला कारखाना' शेजारी 'तुम्ही' चांगले बसते. 'फड', 'टोळी', 'मुकादम' हे शब्द 'ऊस तोडणीचे क्षेत्र', 'मजुरांचा समूह' असे शुद्ध करू नका. भाषणातला आवाज कार्डावर जिवंत राहतो तो या तीन-चार शब्दांमुळे; बाकी वाक्यरचना लेखी असली तरी चालते.

सही कुणाची करणार? मजकुराचा गाभा डॉक्टरांच्या भाषणातला, लाल गोल मावशींच्या आठवणीतला आणि वही हाती देण्याचा क्षण तुमच्या डोळ्यांसमोरचा. हे सगळे एका डॉक्टरांच्या तोंडी घालून खाली त्यांचे नाव छापणे योग्य नाही. 'सर्व सहकारी' असे लिहा आणि छापण्यापूर्वी डॉक्टरांना मजकूर दाखवा, कारण त्यांचे 'एकही!' आपण वगळले आहे.

गोदाकाठचा

सगळे मान्य, पण यजमानांचा उल्लेख तुम्ही का वगळता? भाषणात तो होता, आणि सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी नेमके तेव्हा आले असेल. आजारी माणूस घरात असताना त्यांनी ही वही सांभाळली, हे न सांगता त्यांचा मोठेपणा अर्धाच कळतो.

औषधखिडकी

पुन्हा ऐकले. ध्वनिमुद्रणावरून डोळ्यांत पाणी केव्हा आले ते कळत नाही, पण बाराव्या मिनिटाला सभागृह शांत आहे हे खरे.

आरोग्यसखी

माझ्या मते ते कार्डावर नको. भाषण हवेत विरते, पण कार्ड कपाटावर उभे राहते आणि शेजारीपाजारी वाचतात. त्यांच्या मुलाला किंवा मुलीला विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

गोदाकाठचा

मला उलट वाटते की घरच्यांना ते छापील रूपात हवे असेल. असो, विचारून घ्या.

छापखानावाला

मजकूर ठरत आला आहे, म्हणून छपाईचे सांगतो. ए-पाच म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारही बाजूंना १५ मिलिमीटर मोकळे सोडले तर ओळ ११८ मिलिमीटरची मिळते. अक्षर १४ पॉइंटचे ठेवले तर एका ओळीत आठ-नऊ शब्द बसतात, म्हणजे ९० शब्दांना दहा-अकरा ओळी. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींतले अंतर २१ पॉइंट तरी हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. शब्द वाढले की काही जण अक्षर ११ वर आणतात. साठीकडे झुकलेल्या वाचकाला ते त्रासाचे होते; त्यापेक्षा एक वाक्य काढा.

मुख्य धोका फॉन्टचा आहे. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टंकता आणि अनेक छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. मजकूर तिकडे रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार फुटतात. तुमच्या खर्ड्यात 'दसऱ्यानंतर' मधला 'ऱ्या' हा सर्वांत आधी बिघडणारा आहे. तो 'र्या' होऊन 'दसर्यानंतर' असा छापला जातो. म्हणून पीडीएफ मागवा, त्यात हा एक शब्द मोठा करून पाहा आणि नंतर कार्डाच्याच कागदावर एक प्रत काढून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या पुसट चित्रावर होकार देऊ नका.

औषधखिडकी

सर्वांचे आभार. डॉक्टरांनी मजकूर वाचला, 'एकही' गेल्याबद्दल ते हसले आणि त्यांनी संमती दिली. शेवटचा मजकूर असा :

"आदरणीय सिस्टर,

दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी तुम्ही मुकादमाच्या घरी जाऊन विचारत असा, 'यंदा कुठला कारखाना?' कोणत्या बाळाचा गोवराचा डोस फडावर असताना येणार, हे तुमच्या दोनशे पानी वहीत आईच्या नावासह लिहिलेले असे आणि तालुक्याहून तिकडच्या सिस्टरांना फोन जात असे. जे बाळ तरीही सुटले, त्याच्या नावाभोवती लाल गोल होई आणि टोळी परतल्यावर त्याला पुढच्याच सत्राचे बोलावणे जाई. ही वही तुमच्याकडे कुणी मागितली नव्हती. जाताना तुम्ही ती नव्या सिस्टरांच्या हाती दिलीत.

सेवाकाळ : १९९२ ते २०२५

तुमचे सर्व सहकारी"

प्रूफवाचक

एकच शंका. मावशींच्या सांगण्यानुसार लाल गोल टोळी परतल्यावर, घरोघरी कार्ड पाहून केला जात असे. तुमच्या वाक्यात तो आधी होतो आणि टोळी नंतर परतते. 'टोळी परतल्यावर तुम्ही घरोघरी कार्ड पाहत असा. जे बाळ सुटले त्याच्या नावाभोवती लाल गोल होई आणि त्याला पुढच्याच सत्राचे बोलावणे जाई' असे करा. चार-पाच शब्द वाढतील, पण मर्यादेत बसेल.

औषधखिडकी

बदल केला आणि मजकूर छापखान्यात पाठवला. यजमानांच्या उल्लेखाबद्दल त्यांच्या मुलीला निरोप ठेवला आहे, पण अजून उत्तर आलेले नाही. छपाई उद्या दुपारी आहे. तोपर्यंत काही कळले नाही तर कार्ड आहे तसेच छापू आणि भाषणाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर अल्बमसोबत देऊ.

अण्णा_निवृत्त

पेनड्राइव्हची कल्पना चांगली आहे. कार्डावर पदनाम कुठेच दिसले नाही, सेवाकाळाच्या ओळीत 'आरोग्यसेविका' घाला. आणि छापून आल्यावर ते कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.